दुसऱ्या ड्रॉला तांब्याचे कप फाटतात: अनीलिंगचं तापमान कमी पडलं की जास्त झालं?

तक्रार नेहमी एकाच चेहऱ्याने येते. तांब्याच्या पत्र्याचा पहिला ड्रॉ, म्हणजे पंचाने डायमध्ये ओढून कप करणं, व्यवस्थित निघतो, अनीलिंगसाठी कप भट्टीत तापवून नरम करून घेतले जातात, आणि दुसऱ्या ड्रॉला त्यातले काही पंचाच्या कोपऱ्याशी गोल फाटतात. भट्टीचं तापमान ५० अंशांनी वाढवलं की एखादा आठवडा बरा जातो, पण मग कपाच्या तळाजवळ संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसू लागतो आणि पुन्हा फाटाफाट सुरू होते. तापमान खाली आणलं की पहिला त्रास परत हजर.

हे चक्र थांबत नाही, कारण दोन अगदी उलट दोष एकाच जागी फाटून दिसतात. नरम कमी झालेला कपही पंचाच्या कोपऱ्याशी फाटतो आणि जास्त तापलेला कपही तिथेच फाटतो. फाटण्याची जागा बघून तापमान बदलणारा माणूस निम्म्या वेळा चुकीच्या दिशेने जाणार. म्हणून आधी कोणता दोष आहे ते ठरवू, मग तापमान.

फाटलेला कप हातात घेऊन

फाटीच्या कडेलगतचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात पाहा. तो गुळगुळीत असेल, वरची भिंत दाबायला ताठ लागत असेल आणि काठावर उभ्या बारीक चिरा असतील, तर कप पुरेसा नरम झालेला नाही. भिंत कडक राहिल्यामुळे तिला आत ओढायला जास्त जोर लागला, आणि तो सगळा जोर पंचाच्या कोपऱ्यावरच्या पातळ वळ्यातून जात असल्याने तो वळा तुटला. म्हणजे फाटलं तळाशी, पण दोष काठाकडे होता.

फाटीजवळ साल खडबडीत असेल, बोटाला दाणे लागत असतील आणि वरची भिंत मात्र मऊ असेल, तर तिथले ग्रेन, म्हणजे धातूचे बारीक स्फटिक, मोठे झालेत. मोठ्या ग्रेनच्या पत्र्यात ताण सगळीकडे सारखा पसरत नाही. काही ग्रेन आधी ताणले जातात, तिथे पत्रा बारीक होतो आणि तिथूनच सुटतो. १ मिमी जाडीत ०.०३ मिमीचे ग्रेन असतील तर जाडीत तीसेक ग्रेन बसतात. तेच ०.२ मिमीचे झाले तर फक्त पाच, आणि मग एखादा ग्रेन कुठल्या दिशेने सहज घसरतो यावरच तिथल्या पत्र्याचं भवितव्य ठरतं.

तिसरी शक्यताही ध्यानात असू द्या. फाट कोरडी, ठिसूळ दिसत असेल, कडेचा पत्रा वाकवताच ग्रेनच्या सीमांवरून चिरत असेल, तर तो तापमानाचा नाही, भट्टीतल्या वायूचा दोष आहे. त्याकडे पुढे येतो.

थंड काम केल्यावर तांब्यात काय साठतं

पत्रा थंड अवस्थेत ओढला किंवा दाबला की आतली डिस्लोकेशन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या रचनेत चुकलेल्या ओळी, एकमेकांना अडकत वाढत जातात. नरम तांब्यात दर चौरस मीटरमागे त्यांची संख्या सुमारे १०¹⁰ ते १०¹² असते, भरपूर थंड कामानंतर ती १०¹⁵ च्या वर जाते. ती जितकी दाट, तितकं पुढचं घसरणं अवघड; याच अडवणुकीला आपण वर्क हार्डनिंग म्हणतो. नरम पत्र्याची तुटेपर्यंत ताण सोसायची ताकद सुमारे २२० मेगापास्कल असते आणि लांबण ४५ टक्क्यांच्या आसपास. ३७ टक्के रोल केलेल्या पत्र्यात ही ताकद ३५० च्या जवळ जाते आणि लांबण काही टक्क्यांवर येतं.

या कामातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. थोडी डिस्लोकेशनच्या रूपाने मागे राहते आणि तीच पुढे अनीलिंग चालवते. भट्टी फक्त अणूंना हलायची मुभा देते. ढकलणारा जोर पत्र्यात आधीच साठलेला असतो. म्हणून जिथे थंड काम जास्त झालंय ती जागा कमी तापमानाला बदलते, आणि जिथे कमी झालंय तिला जास्त तापमान लागतं. पुढचा सगळा हिशेब या एका वाक्यावर उभा आहे.

तापवताना आधी रिकव्हरी होते. डिस्लोकेशन थोडी सरकून नीट रचली जातात, काही एकमेकांना रद्द करतात, आतले राहिलेले ताण उतरतात. ॲल्युमिनियममध्ये हा टप्पा बराच कडकपणा काढून घेतो. तांब्यात तसं होत नाही: तांब्याची स्टॅकिंग फॉल्ट ऊर्जा, म्हणजे अणूंच्या थरांचा क्रम चुकवायला लागणारी ऊर्जा, कमी असल्याने डिस्लोकेशन दोन भागांत पसरलेली असतात आणि त्यांना एका प्रतलातून दुसऱ्यात जाणं जड जातं. त्यामुळे तांब्यात रिकव्हरीने कठीणता जेमतेम काही अंकांनी उतरते. खरा मऊपणा येतो तो पुनर्स्फटिकीकरणाने, म्हणजे जुन्या ताणलेल्या ग्रेनच्या पोटात नवे, डिस्लोकेशन नसलेले ग्रेन उगवून त्यांनी जुने खाऊन टाकल्यावर.

इथे एक फसवणूक होते. थंड कामाने कमी झालेली विद्युतवाहकता रिकव्हरीतच बरीचशी परत येते. एडी करंट मीटरने वाहकता मोजून कप नरम झाला असं मानाल, तर कठीणता जवळजवळ तशीच असलेला कप पुढे पाठवाल. ड्रॉइंगसाठी मोजायची ती कठीणता आणि ग्रेन, वाहकता नव्हे.

पुनर्स्फटिकीकरणाचं एकच तापमान नसतं

'तांब्याचं रीक्रिस्टलायझेशन तापमान किती' हा प्रश्नच अपुरा आहे. ९९.९९९ टक्के शुद्ध तांबं ९८ टक्के रोल केलं तर १३५ अंश सेल्सिअसला काही मिनिटांतच त्याचं अर्धं पुनर्स्फटिकीकरण होतं, आणि ४३ अंशांनाही होतं, फक्त आठवडे लागतात. बाजारातला विद्युत दर्जाचा पत्रा थोड्या थंड कामानंतर ४०० अंशांनाही दाद देत नाही. धातू तांबंच आहे. फरक शुद्धतेचा, थंड कामाचा, सुरुवातीच्या ग्रेनचा आणि वेळेचा.

यात वेळेचा वाटा लोक समजतात त्याहून कमी आहे. दहापट वेळ म्हणजे ढोबळमानाने ३० ते ५० अंश जास्त. वेळ दुप्पट केली तर फरक जेमतेम १० ते १५ अंशांचा. भट्टीवाल्याला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून लॉट बिघडत नाही. भट्टीच्या एका कोपऱ्यात ४० अंश जास्त असतील तर नक्की बिघडतो.

एका कपाचा हिशेब

१ मिमी जाडीचा नरम पत्रा, १८० मिमी व्यासाचं ब्लँक म्हणजे कापलेली गोल चकती, पहिला ड्रॉ १०५ मिमी व्यासाचा, दुसरा ७६ मिमीचा. पहिल्या ड्रॉत व्यास ४२ टक्के कमी होतो, दुसऱ्यात २८ टक्के. मधे नरम न करता दुसरा ड्रॉ साधारण २० ते २५ टक्क्यांपर्यंतच सुरक्षित धरतात, तेव्हा इथे अनीलिंग हवंच.

पत्र्याची जाडी बदलली नाही असं धरलं तर पहिल्या ड्रॉनंतर भिंतीची उंची आणि कुठल्याही उंचीवर झालेलं थंड काम असं निघतं:

```
h  = (D² − d²) / (4d)
D' = √(d² + 4·d·h')
ε  = ln(D' / d)
r  = 1 − exp(−ε / 1.155)
```

इथे D म्हणजे ब्लँकचा व्यास, d कपाचा, h भिंतीची पूर्ण उंची, h' ही तळापासूनची उंची, ε म्हणजे तिथल्या पत्र्याचं विरूपण, D' म्हणजे त्या उंचीवरचा पत्रा ब्लँकमध्ये ज्या व्यासावर होता तो, आणि r म्हणजे तेवढंच काम रोलिंगने केलं असतं तर जाडीत किती घट झाली असती ते. भिंतीची उंची ५१ मिमी निघते. काठाला ε ०.५४ येतो, म्हणजे ३७ टक्के रोलिंगएवढं काम; पट्टी विकताना जिला पूर्ण 'हार्ड' म्हणतात तेवढं. २५ मिमी उंचीवर तेच २५ टक्के, १० मिमीवर १३ टक्के, ५ मिमीवर ७ टक्के. डायच्या कोपऱ्यावरून पत्रा वाकून पुन्हा सरळ होतो, त्याचं काम यात धरलेलं नाही, त्यामुळे भिंतीतले खरे आकडे थोडे जास्तच असतात. सपाट तळ पंचाखाली किंचित ताणला जातो, तिथे काम २ ते ४ टक्क्यांचंच.

म्हणजे एकाच कपात ३७ पासून २ टक्क्यांपर्यंतचं प्रत्येक थंड काम शेजारी शेजारी बसलेलं आहे, आणि आपण त्या सगळ्याला भट्टीचं एकच तापमान देतो.

यातला तळाकडचा भाग सर्वांत नाजूक. साधारण २ ते १० टक्के थंड काम झालेल्या तांब्यात नवे ग्रेन उगवण्यापुरत्या जागा फार थोड्या तयार होतात. तापमान पुरेसं चढलं की उगवलेल्या त्या मोजक्या ग्रेनना शेजारी स्पर्धक नसतो आणि ते वाढतच राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर जागा येते. काठाशी मात्र नवे ग्रेन इतके दाट उगवतात की लगेच एकमेकांना भिडून लहानच थांबतात. म्हणून एकाच भट्टीतून निघालेल्या एकाच कपाचा काठ बारीक ग्रेनचा आणि तळाचा वळा जाड ग्रेनचा निघतो. दुसऱ्या ड्रॉत ७६ मिमीच्या पंचाचा कोपरा नेमका जुन्या सपाट तळात उतरतो, म्हणजे सगळा ओढ घेणारा नवा वळा याच २ ते ४ टक्क्यांच्या पट्ट्यातून तयार होतो.

बचावाची वाटही याच हिशेबात आहे. कमी काम झालेल्या त्या पट्ट्याला बदलायला जास्त तापमान लागतं. काठ आणि वरची भिंत पूर्ण नरम होईल, पण तळाचा पट्टा अजून जागचा हलणार नाही, असा एक टप्पा मधे असतो. तो सापडला की काम झालं. तळ थोडा कडक राहिल्याने नुकसान तर नाहीच, उलट ओढ त्यालाच पेलायचा असल्याने त्याची ताकद टिकलेली बरी.

तो टप्पा कसा शोधायचा

यासाठी वेगवेगळ्या टक्क्यांनी रोल केलेले नमुने गोळा करायची गरज नाही, कपच नमुना आहे. पहिल्या ड्रॉनंतरचा, न तापवलेला एक कप घ्या आणि काठापासून तळाच्या मध्यापर्यंत १० मिमी रुंदीच्या एल आकाराच्या पट्ट्या कापा. पट्ट्या तळाच्या मध्याकडे निमुळत्या होतील, त्याने बिघडत नाही. कापायला बारीक दातांची करवत आणि पाणी वापरा. कात्रीने कापलं तर कडेला नवं थंड काम होतं आणि तिथले आकडे खोटे येतात. आठ पट्ट्या पुरतात: एक तशीच ठेवायची, बाकीच्या २५०, ३००, ३५०, ४००, ४५०, ५०० आणि ६०० अंशांना लहान मफल भट्टीत. प्रत्येकीला थर्मोकपल टेकवून, ती ठरलेल्या तापमानाला पोचल्यापासून ३० मिनिटं मोजायची आणि बाहेर काढून पाण्यात टाकायची. शुद्ध तांब्यात पोलादासारखा कुठलाही फेजबदल नाही, त्यामुळे पाण्यात थंड केल्याने ते कडक होत नाही. वेळ मात्र नेमका तुटतो.

मग पट्टीची उभी कड राळेत बसवा. थंडीत घट्ट होणारी राळ घ्या, म्हणजे नमुना पुन्हा तापणार नाही. पॉलिश करून अर्धा किलो भाराने व्हिकर्स कठीणता काठ, मध्य, १० मिमी उंची आणि तळ अशा चार जागी घ्या. नरम तांब्यात या भाराचा ठसा साधारण ०.१४ मिमीचा पडतो, १ मिमी जाडीच्या मधोमध तो सहज बसतो. पॉलिश करताना घाई केली तर पृष्ठभागावर कामाचा पातळ थर राहतो आणि नरम नमुनाही पाच-दहा अंकांनी कडक दिसतो, म्हणून शेवटचा पॉलिश हलक्या हाताने आणि थोडा जास्त वेळ.

चढउताराचं रूप कळावं म्हणून नमुन्यादाखल आकडे देतो. तुमच्या लॉटचे वेगळे येतील, घसरणीचा क्रम मात्र हाच राहील.

| तापमान, °से | काठ | मध्य | १० मिमी | तळ |
|---|---|---|---|---|
| न तापवलेला | १०२ | ९० | ७५ | ५५ |
| २५० | ८८ | ८६ | ७४ | ५५ |
| ३०० | ६० | ७८ | ७३ | ५५ |
| ३५० | ५० | ५६ | ७१ | ५४ |
| ४०० | ४८ | ५० | ६० | ५४ |
| ४५० | ४७ | ४८ | ५१ | ५३ |
| ५०० | ४६ | ४६ | ४८ | ५० |
| ६०० | ४२ | ४२ | ४३ | ४० |

काठाचा स्तंभ वरून खाली वाचा. २५० ते ३५० च्या दरम्यान तो एकदम कोसळतो. तिथे पुनर्स्फटिकीकरण चालू आहे. १० मिमीच्या स्तंभात ३५० पर्यंत ७५ चे ७१ एवढाच फरक आहे, ती नुसती रिकव्हरी. तळाचा स्तंभ ४५० पर्यंत जवळजवळ हलत नाही आणि ५०० ला थोडा उतरतो. हा उतार दिसायला किरकोळ आहे, पण तोच धोक्याचा इशारा: तिथे मोजक्या जागी मोठे ग्रेन उगवायला लागलेत. ६०० ला तळ सगळ्यात मऊ आहे. कठीणता पाहून हे खूप छान वाटेल, आणि ग्रेन पाहिल्यावर लगेच कळेल की का नाही.

ग्रेन पाहण्यासाठी अमोनियाचं द्रावण, पाणी आणि ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड समान प्रमाणात, त्याच वेळी मिसळून, कापसाने काही सेकंद पुसा. मिश्रण तासाभराने निरुपयोगी होतं, शिल्लक ठेवू नका, आणि काम वारा खेळत्या जागी करा. नुकत्याच पुनर्स्फटिकीकरण झालेल्या तांब्यात ग्रेनच्या आतून सरळ, समांतर कडांचे पट्टे जाताना दिसतात. ते अनीलिंग ट्विन. ते सरळ असतील तर ग्रेन नवे आहेत. पट्टे वाकलेले किंवा ग्रेन लांबट असतील तर अजून जुनाच ढाचा शिल्लक आहे. तळाच्या बाबतीत मात्र थोडं सांभाळून वाचा: मूळ नरम पत्र्यातही ट्विन होतेच आणि २ टक्के कामाने ते फारसे वाकत नाहीत. तिथे ट्विनवर भिस्त न ठेवता ग्रेनचा आकार मूळ पत्र्याशी ताडून पाहा. दुसऱ्या ड्रॉला ०.०३५ मिमीपर्यंतचे ग्रेन चांगले; ०.०५ च्या वर साल खडबडीत दिसू लागते.

या तक्त्यावरून निवड अशी. खालची मर्यादा म्हणजे भिंतीचा वरचा अर्धा भाग ५५ च्या खाली येतो ते तापमान, इथे सुमारे ३६०. वरची मर्यादा म्हणजे तळाचे ग्रेन बदलायला लागण्याआधीचं, इथे सुमारे ४६०. तुमची भट्टी भरलेली असताना आत ±२० अंश सांभाळत असेल तर ३८० ते ४४० मधलं काहीही चालेल, आणि आम्ही ४०० घेऊ. बरोबर मध्य न घेता थोडं खाली राहण्याचं कारण आहे: कमी पडलेला कप पुन्हा भट्टीत घालता येतो, जास्त झालेला परत आणता येत नाही.

६५० अंशांची जुनी सवय अनेक ठिकाणी दिसते, आणि ती आली आहे रंगावरून. अंधुक लाल दिसायला ५०० च्या पुढे जावं लागतं, आणि उजेडात लाली जाणवेपर्यंत ६०० कधीच ओलांडलेले असतात. 'लाल झालं की काढा' या नियमाने तांबं नक्की नरम होतं. ज्या भांड्याला पुढे हातोडीनेच सगळीकडे काम मिळणार आहे तिथे तो नियम चालूनही जातो. प्रेसमध्ये पातळ कप ओढायचा असेल तर तो तळाचा पट्टा खराब करतो.

मफलमध्ये जमलं, मोठ्या भट्टीत जमत नाही

जवळजवळ नेहमीच कारण हे असतं की भट्टीचा आकडा भट्टीच्या भिंतीचा असतो, कपाचा नाही. एकात एक बसवलेल्या कपांच्या रांगेत बाहेरचे कप पटकन तापतात, आतले मागे राहतात. कंट्रोलर ४०० दाखवू लागल्यापासून ३० मिनिटं मोजली तर मधले कप प्रत्यक्षात दहाच मिनिटं तापलेले असू शकतात. ते कडक राहतात, म्हणून कुणीतरी भट्टी ४७० वर नेतो, आणि आता बाहेरचे कप बिघडतात. एकाच लॉटमध्ये दोन्ही दोष दिसत असतील तर हेच घडतंय असं धरून चला.

भाराच्या मधोमध एक आणि हीटरच्या सर्वांत जवळच्या कपावर एक असे दोन थर्मोकपल तारेने बांधा. वेळ मधल्या कपावरून मोजा, कमाल मर्यादा बाहेरच्यावरून पाळा. दोघांत सुरुवातीला ८० अंशांचा फरक असला तरी चालेल, पण बाहेरच्याने ४४० ओलांडता कामा नये. म्हणजे भट्टी आधीच जास्त तापवून ठेवण्याची युक्ती सोडावी लागेल. कप उलटे, एकमेकांपासून अंतर ठेवून, जाळीच्या कपाटात ठेवले आणि पंखा फिरत असला तर हा फरक खूप घटतो. भट्टीत कमी कप मावतात ही त्याची किंमत आहे आणि ती द्यावी.

भट्टीत घालण्याआधी ड्रॉइंगचं तेल पूर्ण धुऊन काढा. गंधकयुक्त तेल राहिलं तर काळे डाग पडतात आणि ते पिकलिंगने, म्हणजे आम्लात धुऊनही, नीट जात नाहीत.

वायू

विद्युत दर्जाच्या टफ पिच तांब्यात सुमारे ०.०२ ते ०.०४ टक्के ऑक्सिजन असतो, क्युप्रस ऑक्साइडच्या बारीक दाण्यांच्या रूपात. भट्टीत हायड्रोजन असेल, किंवा हवा कमी पडलेली गॅसची ज्योत थेट कपाला लागत असेल, तर हायड्रोजन आत शिरतो:

```
Cu₂O + H₂ → 2Cu + H₂O
```

वाफेचा रेणू तांब्यातून बाहेर पडू शकत नाही. तो ग्रेनच्या सीमांवर साठून त्या फाडतो. ४०० अंशांच्या आसपास आणि त्यावर हा धोका खरा आहे, आणि तापमान जितकं वर तितकी ही क्रिया वेगवान. ६५० ऐवजी ४०० निवडण्याचं हे आणखी एक कारण. शंका असेल तर त्या लॉटची पट्टी स्वतःवर घट्ट दुमडा: निरोगी नरम तांबं सहज मिटतं, बिघडलेलं बाहेरच्या कडेला चिरतं. उपाय म्हणजे नायट्रोजन किंवा वाफेचं वातावरण, नाहीतर सरळ हवेत तापवून नंतर पिकलिंग. हवेत येणारा थर बाहेरून काळा आणि आतून लालसर असतो. पाण्यात टाकल्यावर बराचसा सुटतो, उरलेला सुमारे १० टक्के गंधकाम्लात जातो. द्रावण करताना आम्ल पाण्यात ओतायचं, उलट नाही.

सगळं तेच, तरी नव्या लॉटला बिघडलं

तेव्हा पत्रा बदललाय. फॉस्फरसने डीऑक्सिडाइज केलेल्या तांब्यात ०.०१५ ते ०.०४० टक्के फॉस्फरस असतो. तो पुनर्स्फटिकीकरण रोखून धरतो आणि तक्त्यातला प्रत्येक स्तंभ खाली सरकतो, म्हणजे तोच मऊपणा येण्यासाठी जास्त तापमान लागतं. हायड्रोजनचा त्रास मात्र त्यात होत नाही. चांदी असलेलं तांबं तर याहून हट्टी: शेकडा ०.०३ ते ०.१ चांदीने मऊ होण्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास वर जाऊ शकतं, आणि तापूनही कडक राहावं म्हणूनच ते मोटारीच्या कम्युटेटरला वापरतात. कागदावर दोघांनाही 'तांबं, ९९.९ टक्के' असंच लिहिलेलं असतं. दाखला मागताना शुद्धता विचारू नका. ऑक्सिजन, फॉस्फरस आणि चांदी यांचे वेगळे आकडे मागा.

दुसरा बदल दिसत नाही तो म्हणजे पत्र्याची सुरुवातीची अवस्था. 'नरम' म्हणून आलेला पत्रा सपाट करण्यासाठी शेवटी हलका रोल केलेला असू शकतो. तसं झालं तर तळात पंचाचे ३ टक्के आणि रोलचे ४ टक्के मिळून ७ टक्के होतात, आणि तळ मोठ्या ग्रेनकडे जाण्याचं तापमान तुमच्या टप्प्याच्या आत उतरतं. आल्या पत्र्याची कठीणता ५० च्या जवळ असायला हवी; ६०-६५ आली तर तो लॉट जुन्या सेटिंगवर घालू नका, आधी पट्ट्या करा. सुरुवातीचे ग्रेन ०.०१५ ते ०.०२५ मिमीचे मागितले तर टप्पा थोडा रुंद मिळतो.

टप्पा इतका अरुंद निघाला की भट्टीला तो सांभाळताच येत नाही, तर तापमानाशी झुंजण्यात अर्थ नाही. इंडक्शनच्या वळ्याने फक्त काठ आणि भिंतीचा वरचा भाग तापवा, तळ थंड राहू द्या. किंवा दुसरा ड्रॉ दोन पायऱ्यांत तोडा: १०५ वरून ८८, ८८ वरून ७६. पहिली पायरी १६ टक्क्यांची, नरम न करता निघते, आणि नरम करायची वेळ येईपर्यंत तळाच्या बाहेरच्या पट्ट्याचं काम २-४ टक्क्यांच्या बरंच पुढे गेलेलं असतं. एक डाय वाढते, पण मोठ्या ग्रेनचा त्रास कमी होऊ शकतो.

रोजच्या तपासणीला प्रत्येक भारातून दोन कप पुरतात, एक सर्वांत गरम जागेचा आणि एक सर्वांत थंड जागेचा. थंड जागेच्या कपाच्या भिंतीचा मध्य ५५ च्या वर असेल तर पूर्ण भार पुन्हा ४०० अंशांना अर्धा तास. त्याने बाकीच्या कपांचं काही बिघडत नाही, कारण दुप्पट वेळ म्हणजे फक्त १०-१५ अंश. गरम जागेच्या कपाचा तळ ०.०५ मिमीच्या पुढे गेला असेल तर त्या जागेचे कप वेगळे काढा. पुन्हा तापवून ते ग्रेन लहान होणार नाहीत, कारण ढकलणारी साठलेली ऊर्जाच तिथे उरलेली नाही. ग्रेन लहान करायचे तर आधी पुरेसं थंड काम करावं लागेल, आणि ओढलेल्या कपाच्या तळाला ते देता येत नाही. ते कप भंगारात टाकायचे.